कबड्डीच्या लाइव्हवर चॅट सांभाळताना

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचं यूट्यूब लाइव्ह माझ्याकडे होतं. कॅमेरा, माइक, इंटरनेट यांची मी पंधरा दिवस आधीपासून काळजी केली. चॅटचा मात्र विचारच केला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मुलींचा सामना सुरू झाला आणि दहा मिनिटांत चॅटमध्ये घाण सुरू झाली. एकाने चढाईला गेलेल्या मुलीच्या अंगावर शेरा मारला, दोघांनी त्याला ‘हाहा’ केलं, आणि तिसऱ्याने ‘हिचा नंबर द्या’ म्हणून लकडा लावला. मी समालोचन करता करता एका हाताने मेसेजशेजारचे तीन ठिपके दाबून `Remove` करत होतो. एक काढेपर्यंत त्याच माणसाचे आणखी दोन मेसेज यायचे. वर माझ्याकडून चूक झाली ती वेगळीच: चिडून माइकवरच त्याचं नाव घेऊन सुनावलं. मग काय, आणखी चौघे मजा बघायला सरसावले.

त्या रात्री पुण्यातल्या वहिनींना फोन केला. त्या घरून सामने बघत होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही खेळाकडे बघा. चॅट मी बघते, मला तसा अधिकार द्या.” मॉडरेटर मैदानावर असावा लागत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या एका मेसेजशेजारच्या ठिपक्यांतून त्यांना मॉडरेटर केलं. नावापुढे निळा पाना दिसला की समजायचं, झालं. सोबत मंडळातल्या एका मुलालाही घेतलं, कारण एकटा माणूस चहाला उठला तरी चॅट मोकळं सुटतं.

कोणाला काय शिक्षा, हे आम्ही कबड्डीच्या कार्डांवरून ठरवलं. रागाच्या भरात एखादा शब्द निसटला तर नुसता मेसेज काढायचा, हे हिरवं कार्ड. पुन्हा तेच केलं तर `Put user in timeout`, म्हणजे पिवळं. कबड्डीत पिवळ्या कार्डाला खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो. इथे किती वेळ बसवायचं ते आपण निवडतो. आम्ही बहुतेकांना दहा मिनिटं दिली. हरणाऱ्या गावाचा तापलेला समर्थक तेवढ्यात निवतो, परत येऊन गुमान गुण मोजू लागतो. मुलींबद्दल घाणेरडं लिहिणारा आणि कुणाचा फोन नंबर टाकणारा यांना मात्र थेट लाल: `Hide user on this channel`. पण त्याआधी मेसेजचा स्क्रीनशॉट. उद्या मुलीच्या घरच्यांनी तक्रार करायची ठरवली तर हातात पुरावा हवा. मेसेज काढून टाकल्यावर दाखवणार काय?

यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये अडवायच्या शब्दांची यादी देता येते, आणि त्यातला शब्द असलेला मेसेज चॅटमध्ये उमटतच नाही. लिंकही तिथूनच बंद केल्या, कारण बेटिंगवाले घुसायला लागले होते. शिव्या देवनागरीत टाकल्या, मग रोमन लिपीत, मग एकेका शिवीची तीन-चार स्पेलिंगं. तरी लोक मध्ये टिंब घालून लिहितातच, त्यामुळे यादीवर विसंबून डोळे मिटता येत नाहीत. मी हुशारी करून ‘नंबर’ हा शब्दही टाकला, आणि दुसऱ्या दिवशी चॅट अचानक थंड पडलं. वहिनींनी फोन करून विचारलं तेव्हा उलगडा झाला. प्रेक्षक ‘सात नंबरची पोरगी भारी’ असं लिहीत होते आणि सगळं अडत होतं! तो शब्द काढला.

अंतिम सामन्यात एक जण नवनवी खाती उघडून येत राहिला. एक लपवलं की पाच मिनिटांत दुसरं. तेव्हा चॅट फक्त सबस्क्रायबर्ससाठी ठेवलं आणि किमान किती काळ आधी सबस्क्राइब केलेलं असावं, तीही अट घातली. नवं खातं बाहेरच राहिलं. नुकतेच जोडलेले काही चांगले प्रेक्षकही त्यात गप्प बसले, म्हणून सामना संपताच अट काढली. स्लो मोड मात्र दिवसभर चालू होता, प्रत्येकाला दोन मेसेजांत वीस सेकंद थांबायला लावणारा. त्याने भांडण थांबत नाही, पण वहिनींना वाचायला सवड मिळते.

स्पर्धा संपल्यावर लपवलेल्यांची यादी चाळली, तर त्यात आमच्याच संघातल्या एका मुलीच्या वडिलांचं खातं. पहिल्या रात्री घाईत `Remove` करताना माझंच बोट चुकून शेजारच्या मेसेजवर आणि तिथल्या `Hide user on this channel` वर पडलं असणार. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूला ते दिसतं तरी. इथे लपवलेल्या माणसाला कोणी काही कळवत नाही. त्यांना यादीतून मोकळं करून मी फोन लावला. “अरे, मी तीन दिवस लिहितोय,” ते म्हणाले, “मला वाटलं, तुम्हा पोरांना आता ओळख द्यायची नाही.”