डब्याची फूड कॉस्ट: बिलं, साठा आणि गेलेले डबे

तुम्ही विचारलंत म्हणून: "सगळी बिलं जपून ठेवते, रोजचा हिशोब लिहिते. तरी फूड कॉस्ट एका महिन्यात पन्नास टक्के आणि पुढच्या महिन्यात अठ्ठावीस कशी येते?"

कारण बिलं सांगतात की महिन्यात किती माल घरात आला. टक्केवारीसाठी लागतं ते दुसरंच: त्या महिन्यात किती माल शिजला. या दोन्हींमध्ये कोठीतला साठा असतो आणि तो मोजल्याशिवाय बिलांच्या बेरजेला अर्थ येत नाही. महिन्याच्या सुरुवातीचा साठा घ्या, त्यात महिन्याची खरेदी मिळवा, अखेरचा साठा वजा करा. उरतो तो वापरलेला माल. त्याला विक्रीने भागून शंभराने गुणलं की फूड कॉस्ट मिळते.

कोथरूडच्या एका ताईंचे आकडे त्यांच्या परवानगीने सांगते. दुपारचे सरासरी पन्नास डबे. तीन पोळ्या, सुकी भाजी, आमटी किंवा उसळ, भात. डब्याचा दर ११० रुपये. जुलैत २६ दिवसांत १,३०० डबे गेले, म्हणजे विक्री १,४३,००० रुपये. खरेदी ७२,००० रुपयांची, म्हणून त्यांनी काढलेला आकडा ५० टक्के. ऑगस्टमध्ये खरेदी फक्त ४३,००० आणि खात्यात जमा १,५४,०००, म्हणून आकडा २८. जुलै बुडाला, ऑगस्ट तरला, असं त्या धरून चालल्या होत्या.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी सणांच्या आधी म्हणून तेलाचे चार डबे, तांदूळ आणि पंचवीस किलो तूरडाळ भरली होती. जुलैचा सुरुवातीचा साठा ९,००० रुपयांचा होता, अखेरचा २३,०००. म्हणजे जुलैत प्रत्यक्ष वापर ५८,००० रुपयांचा आणि फूड कॉस्ट साडेचाळीस टक्के. तोच २३,००० चा साठा ऑगस्टची सुरुवात झाला. ऑगस्टअखेर १०,००० चा माल उरला, तेव्हा ऑगस्टचा वापर ५६,०००.

आता विक्री. ऑगस्टमधले १,५४,००० हे जमा झालेले पैसे होते. त्यात डबा लावणाऱ्या नव्या मुलांनी सप्टेंबरचे आगाऊ भरलेले पैसे होते. डब्याच्या धंद्यात विक्री म्हणजे पोचलेले डबे गुणिले दर; पैसे कधी आले हा वेगळा हिशोब. सुट्ट्या वजा जाऊन ऑगस्टमध्ये २४ दिवस डबा होता, १,२०० डबे गेले, विक्री १,३२,०००. फूड कॉस्ट ४२.४ टक्के. ज्या महिन्याला त्या चांगला समजत होत्या, तो जुलैपेक्षा महाग पडला होता.

खरेदीच्या बाजूलाही हाच नियम लावा. किराणा उधारीवर आणला असेल तर माल आला त्या तारखेला लिहा, पैसे दिले त्या तारखेला नाही. मार्केट यार्डातल्या भाजीचं बिल बहुधा मिळत नाही, म्हणून घरी आल्याआल्या वहीत आकडा टाका, हमाली आणि रिक्षाभाड्यासकट. दळणाचे पैसे पिठात धरा. गॅस, डबेवाल्या मुलाचा पगार आणि पॅकिंग मात्र यात घालू नका, त्यांची वेगळी पानं ठेवा. ताईंची उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने त्या जीएसटी लावत नाहीत. किराण्याच्या बिलातला कर त्यांना परत मिळत नाही, म्हणून बिलाची पूर्ण रक्कम खर्चात जाते. तुमचं हॉटेल असेल आणि तुम्ही ग्राहकाकडून पाच टक्के कर घेत असाल, तर १०५ रुपयांच्या बिलात तुमची विक्री १०० रुपयेच आहे. ऑनलाइन ऑर्डरची विक्रीही कर सोडून ग्राहकाच्या बिलाची धरा. कमिशन कापून खात्यात आलेली रक्कम धरलीत तर फूड कॉस्ट उगाच फुगलेली दिसेल. कमिशन हा वेगळा खर्च आहे.

साठा मोजायला लोक कंटाळतात, पण छोट्या स्वयंपाकघरात ते अर्ध्या तासाचं काम आहे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी डबे गेल्यावर पीठ, तांदूळ, डाळी, कडधान्यं, तेल, साखर, गूळ, शेंगदाणे आणि मुख्य मसाले तोला. फोडलेला तेलाचा डबाही काट्यावर ठेवा, रिकाम्या डब्याचं वजन वजा करा. शेवटच्या बिलातला भाव लावा. मोहरी-हिंगाच्या मागे लागू नका. दर महिन्याला त्याच वस्तू, त्याच पद्धतीने मोजल्या जाणं जास्त महत्त्वाचं.

साडेचाळीस आणि बेचाळीस यांत फरक तो काय, असं वाटेल. डब्यामागे पाहा: जुलैत ४४ रुपये ६० पैसे, ऑगस्टमध्ये ४६ रुपये ७० पैसे. दोन रुपये गुणिले १,२०० डबे, म्हणजे सुमारे २,४०० रुपये. ताईंचं म्हणणं, श्रावणात भाजी महागली. तसं होऊही शकतं, पण ते तपासता येतं. वहीतल्या भाजीच्या खर्चाला डब्यांनी भागलं, तर दोन्ही महिन्यांत आकडा जवळपास सारखाच निघाला. मग एक वस्तू किलोत तपासली, कारण भाव चढला तरी किलो वाढत नाहीत.

त्यासाठी मी नेहमी पीठ निवडते. पोळ्या मोजलेल्या असतात आणि पीठ वाया गेलं तरी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. ताईंच्या पोळीच्या मापाने एका किलोत तीस पोळ्या होतात. जुलैत ३,९०० पोळ्यांना १३० किलो लागायला हवं होतं, लागलं १३५. जास्तीचे पाच किलो म्हणजे दीडशे पोळ्या; मदतीला येणाऱ्या दोघी दुपारी तिथेच जेवतात, त्यांचा हिशोब बरोबर जुळला. ऑगस्टमध्ये ३,६०० पोळ्यांना १२० किलो हवं होतं, लागलं १३१. दोघींचं जेवण वगळून सहा किलो उरतात, म्हणजे १८० पोळ्या, साठ डबे. साठ डब्यांचा माल सुमारे २,७०० रुपयांचा. वर डब्यामागे निघालेल्या फरकाच्या तो अगदी जवळ येतो.

हे साठ डबे शिजले होते, पण विकले गेले नव्हते. सणासाठी गावी निघालेली मुलं सकाळी दहाला "आज डबा नको" असा निरोप पाठवत आणि ताई त्या दिवसाचे पैसे धरत नसत. कणीक मात्र साडेसातलाच मळलेली असे. रोजचे दोन-तीन डबे असल्याने डोळ्यांना नुकसान जाणवत नव्हतं, उरलेलं घरात संपत होतं.

या पद्धतीची मर्यादाही सांगते. पिठाचा मेळ बसला म्हणून तेलाचा बसेलच असं नाही, ते वेगळं तपासावं लागतं. आणि महिना संपल्यावरच हे कळतं. म्हणून ताईंच्या रोजच्या वहीत आता विक्रीशेजारी दोन रकाने आहेत: शिजवलेले डबे आणि गेलेले डबे. "नको" हा निरोप आदल्या रात्री नऊपर्यंत आला तरच त्या दिवसाचे पैसे वजा होतात.