आकडा पुस्तिकेतूनच काढावा

“प्रश्नोत्तर प्रणालीत घालायच्या कागदपत्रांचे तुकडे किती शब्दांचे करायचे आणि त्यांच्यात ओव्हरलॅप किती ठेवायचा?”

एखादा नियम आणि त्याची अट एकत्र वाचायला किती शब्द लागतात, हे आधी मोजावे. ओव्हरलॅपचा, म्हणजे शेजारच्या दोन तुकड्यांत सारख्याच येणाऱ्या शब्दांचा, आकडा तिथूनच निघतो. रत्नागिरीजवळच्या बागायतदारांसाठी हापूसच्या फवारणीची सुमारे 4000 शब्दांची पुस्तिका प्रश्नोत्तर प्रणालीत घालताना हे माझ्या ध्यानात आले. मी तिचे 200 शब्दांचे सरळ तुकडे पाडले होते. तुडतुड्यांसाठी औषध व प्रमाण सांगणारे वाक्य एका तुकड्याच्या शेवटी आले आणि ‘मात्र मोहोर फुललेला असताना फवारणी टाळावी, कारण परागीभवन करणारे कीटक मरतात’ हे त्याला लागूनचे वाक्य पुढच्या तुकड्यात गेले. एका बागायतदारांनी तुडतुड्यांवर उपाय विचारला, तेव्हा प्रमाण असलेला तुकडा सापडला, अट मात्र मागेच राहिली. उत्तर वाचायला बिनचूक वाटत होते आणि म्हणूनच ते घातक होते.

मग मी अशा जोड्या शोधून त्यांचे शब्द मोजले. सर्वांत लांब जोडी 38 शब्दांची निघाली, म्हणून ओव्हरलॅप 40 शब्दांचा ठेवला. आता प्रत्येक नवा तुकडा 160 शब्दांनी पुढे सरकतो आणि 40 शब्दांपर्यंतचा कोणताही सलग मजकूर कुठल्या ना कुठल्या तुकड्यात अखंड राहतो. त्यासाठी 20 तुकड्यांचे 25 झाले. ओव्हरलॅप 100 केला असता, तर 39 तुकडे झाले असते आणि शोधात वर येणाऱ्या पाच तुकड्यांपैकी दोन-तीन जागा एकाच परिच्छेदाने अडवल्या असत्या.

‘बोंगे फुटण्याची अवस्था’ हे शीर्षक दीडशे शब्द वर राहिले असेल, तर ते ओव्हरलॅपच्या आवाक्यात येत नाही. त्यासाठी ओव्हरलॅप वाढवू नये. ते शीर्षक त्याच्याखालच्या प्रत्येक तुकड्याच्या आरंभी पुन्हा लिहावे.

तुकड्याची कमाल लांबी एम्बेडिंग मॉडेल, म्हणजे शोधासाठी मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडणारे मॉडेल, ठरवते. मी वापरलेल्या multilingual-e5 ची मर्यादा 512 टोकनांची आहे; टोकन म्हणजे मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचते तो एकेक शब्द किंवा शब्दाचा भाग. एका मराठी शब्दाचे अनेकदा दोन टोकन होतात, त्यामुळे 400 शब्दांचा तुकडा तिच्यात मावत नाही आणि त्याचा शेवटचा भाग बहुधा कोणतीही सूचना न देता वगळला जातो. तुकड्याच्या अगदी शेवटच्या वाक्यावर प्रश्न विचारून पाहावा. तो तुकडा सापडत नसेल, तर हीच शंका आधी घ्यावी आणि लांबी शब्दांत न मोजता त्या मॉडेलच्याच टोकनायझरने मोजावी.

आकडे बदलल्यावर मी बागायतदारांनी पूर्वी विचारलेले प्रश्न पुन्हा घालतो आणि तयार उत्तराआधी वर आलेले पाच तुकडे वाचतो. त्यांत प्रमाणाबरोबर अटही आहे का, एवढेच तेव्हा पाहतो.