साडेपाचचा पेस म्हणजे ५.३० नव्हे

"किलोमीटरमागचा पेस अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वाढवत पाच के, दहा के, हाफ आणि फुल मॅरेथॉनला किती वेळ लागेल, याचं टेबल झटकन कसं बनवायचं? आणि नेटवर तयार मिळतं, मग स्वतः कशाला बनवायचं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण चिडचिड त्याचीच होते. तयार टेबलमध्ये हाफसाठी २१ धरलेत की २१.०९७५, सेकंद वर ओढलेत की खाली, हे कुठेच लिहिलेलं नसतं. स्वतः बनवलेल्या टेबलात ते आपल्याला ठाऊक असतं. आणि लागतात जेमतेम दहा मिनिटं.

कागदावर करायचं असेल तर पहिली ओळ तेवढी गुणाकाराने काढा आणि पुढे बेरीज करत जा. किलोमीटरमागे ३० सेकंद वाढले की पाच केला २:३० वाढतात, दहा केला ५:००, हाफला १०:३२.९२५ आणि फुलला २१:०५.८५. या चार बेरजांवर अख्खं टेबल उभं राहतं. पहिल्या ओळीला ५:०० चा पेस घ्या, म्हणजे ३०० सेकंद. ३०० गुणिले ४२.१९५ म्हणजे १२,६५८.५ सेकंद, म्हणजे ३:३०:५८.५.

| पेस | ५ के | १० के | हाफ | फुल |
|---|---|---|---|---|
| ५:०० | २५:०० | ५०:०० | १:४५:३० | ३:३०:५९ |
| ५:३० | २७:३० | ५५:०० | १:५६:०३ | ३:५२:०५ |
| ६:०० | ३०:०० | १:००:०० | २:०६:३६ | ४:१३:११ |
| ६:३० | ३२:३० | १:०५:०० | २:१७:०९ | ४:३४:१७ |
| ७:०० | ३५:०० | १:१०:०० | २:२७:४१ | ४:५५:२२ |
| ७:३० | ३७:३० | १:१५:०० | २:३८:१४ | ५:१६:२८ |

बेरजा अपूर्णांकासकट करायच्या आणि टेबलात लिहिताना अपूर्णांक उरला की पुढच्या पूर्ण सेकंदावर जायचं. रस्त्यावरच्या शर्यतीत अधिकृत वेळही तशीच नोंदतात, त्यामुळे टेबलनेही तेच करावं. ताळा सोपा आहे: फुलचा आकडा हाफच्या दुप्पट यायला हवा. सेकंदभराचा फरक वर ओढल्यामुळे पडतो, तो चालतो. मिनिटाचा पडला तर कुठेतरी २१ किंवा ४२ शिरलंय. ६:०० च्या पेसला उरलेल्या १९५ मीटरला ७० सेकंद लागतात. मीही पूर्वी "४२ धरा, काय फरक पडतो" असं सांगत असे. ते चूक होतं.

आता शीट. सर्वांत जास्त टेबलं इथेच बिघडतात, आणि त्याचं मूळ आपल्या लिहिण्यात आहे. आपण "सकाळी ५.३० वाजता" असं टिंब देऊन लिहितो. तोच हात शीटमध्ये 5.30 टाइप करतो, आणि शीट ते पाच पूर्णांक तीन दशांश मिनिटं समजते, म्हणजे ५ मिनिटं १८ सेकंद. गुणाकार बिनचूक होतो आणि फुलची वेळ ३:४३:३८ येते. खरी आहे ३:५२:०५. साडेआठ मिनिटांच्या आसपास गायब, आणि आकडा दिसायला इतका शहाणा की कुणाला शंकाही येत नाही. पूर्ण मिनिटांच्या ओळी बरोबर आणि अर्ध्या मिनिटांच्या ओळी चुकलेल्या, अशी खूण दिसली की हाच घोटाळा समजा. ५:०० ते ६:०० या दोन ओळींच्या बरोबर मध्ये ५:३० यायला हवी. ती वर सरकलेली दिसते.

मग लोक टिंबाऐवजी 5:30 टाइप करतात. शीट ते साडेपाच तास धरते आणि फुलला 16:04:21 असं काहीतरी दाखवते. खरं उत्तर असतं २३२ तास, पण h:mm:ss या फॉरमॅटमध्ये २४ च्या पुढचे पूर्ण दिवस गळून पडतात. तासांचा चौकोनी कंस दिलात, म्हणजे [h]:mm:ss, तर 232:04:21 दिसेल. आणि २३२ मिनिटं म्हणजेच ३ तास ५२ मिनिटं! उत्तर बरोबरच होतं, फक्त साठपट मोठं.

दोन्ही कटकटी टाळायला मी पेस सेकंदांतच ठेवायला सांगते. A2 मध्ये 300, पहिल्या ओळीत C1 ते F1 मध्ये 5, 10, 21.0975, 42.195, आणि मग:

```
A3:  =A2+30
B2:  =A2/86400
C2:  =ROUNDUP($A2*C$1,0)/86400
```

A3 खाली ओढा. B2 ही खाली ओढा, त्याला m:ss फॉरमॅट द्या. तो फक्त डोळ्यांना दिसणारा पेस. C2 आधी आडवा F पर्यंत आणि मग खाली ओढा, फॉरमॅट [h]:mm:ss. ८६,४०० म्हणजे दिवसाचे सेकंद. शीट वेळ दिवसाच्या भागांत मोजते म्हणून हा भागाकार. डॉलरची चिन्हं विसरलात तर ओढताना संदर्भ सरकतात आणि दुसऱ्या रकान्यापासून कचरा येतो.

इतकं सगळं सांगून झालं की हमखास पुढचा प्रश्न येतो: "मला चार तासांच्या आत फुल करायची आहे, पण टेबलात ५:३० आहे आणि ६:०० आहे, मधलं काय?" इथे मात्र थांबून नीट बघायला हवं. फुलमध्ये पेसचा एक सेकंद म्हणजे शेवटी ४२ सेकंद. चार तास म्हणजे १४,४०० सेकंद, ४२.१९५ ने भागा, ३४१.२७ येतात. तेव्हा ५:४१. इथे मात्र वर ओढायचं नाही: ५:४२ धरलात तर ४:००:३१ होतात, ५:४१ ला ३:५९:४९. हाताशी उरतात अकरा सेकंद.

आणि हातातलं जीपीएस घड्याळ ते अकरा सेकंद खाऊन टाकतं. शर्यतीचा मार्ग शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजलेला असतो, वर कमी भरू नये म्हणून हजारात एक, म्हणजे फुलला ४२ मीटर, जास्तीचे घातलेले असतात. धावणारा वळणं बाहेरून घेतो, गर्दीतून वाट काढतो. समजा घड्याळात ४२.४९५ किलोमीटर भरले. पूर्ण वेळ घड्याळावर ५:४१ दिसत असूनही शेवट ४:०१:३१ ला होतो. टेबल खोटं नव्हतं. टेबल मोजलेल्या मार्गाचा पेस सांगतं, घड्याळ तुम्ही प्रत्यक्ष कापलेल्या अंतराचा. तीनशे मीटर जास्त धरून पुन्हा भागा: ३३८.९ येतात. म्हणजे घड्याळावर ५:३८ ठेवायला हवा होता, मग ३:५९:२४.

यावर कुणी म्हणतं, मग अर्ध्या मिनिटाचा टप्पाच चुकीचा, दहा सेकंदांचा ठेवा. फुलपुरतं मला ते पटतं; दोन ओळींमध्ये एकवीस मिनिटांची दरी पडते, तिच्यात कुणाचंही उद्दिष्ट हरवेल. पण पाच के आणि दहा केला दहा सेकंदांच्या ओळी म्हणजे उगाच भरताड, आणि तिप्पट लांब टेबल कुणी लक्षात ठेवत नाही. सध्या मी अर्ध्या मिनिटाच्याच ओळी ठेवते आणि फुलच्या रकान्याखाली "१ सेकंद = ४२ सेकंद" असं लिहून ठेवते. कधी वाटतं, फुलचं टेबल वेगळंच करावं.