अलॉय व्हीलला पावडर कोटिंग: भट्टीचं तापमान कोणी सांगेल का?

"काही होत नाही साहेब, बिनधास्त टाका." भोसरीत पावडर कोटिंगची चौकशी करत फिरताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी चिडचिड व्हायला लागली. प्रश्न साधा होता. चाकावरचा जुना रंग कसा काढणार आणि भट्टीत चाक किती तापवणार?

फुटपाथला घासून चारही अलॉयच्या कडा खरवडल्या होत्या. नुसत्या खरवडण्याने चाक कमजोर होत नाही, तेव्हा घाई नव्हती. रंग मात्र टिकाऊ हवा होता, म्हणून पावडर: रंगाची कोरडी भुकटी फवारायची आणि भट्टीत तापवून पक्की करायची.

एका ठिकाणी मालक म्हणाले, "जुना रंग भट्टीतच जाळतो, स्वस्तात पडतं." मी विचारलं, "किती डिग्रीला?" तर म्हणाले, "चारशेच्या आसपास. लोखंडी गेट पण तसंच करतो." गेटचं ठीक आहे हो, पण अलॉयचं नाही. ओतीव अलॉय चाक अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घालून बनतं, आणि त्याची ताकद ओतल्यानंतरच्या उष्णोपचारातून येते. साधारण 540 अंशांना तापवून ते पाण्यात विझवतात, मग दीडशे-पावणेदोनशे अंशांना काही तास ठेवतात. त्या शेवटच्या टप्प्यात धातूच्या आत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि तेच धातूला वाकू देत नाहीत. चारशे अंशांना हे कण पटापट मोठे आणि विरळ होतात. चाक मऊ पडतं. वाईट म्हणजे दिसायला काहीच फरक पडत नाही. वर नवा रंग चढला की झालं, मग पहिल्या मोठ्या खड्ड्यात कड वाकली की दोष रस्त्याचा.

मग पावडर कोटिंगने चाक कमजोर होतं का? पावडर पक्की व्हायला सहसा 180 ते 200 अंशांवर दहा-वीस मिनिटं लागतात. तापमान वरच्या शेवटच्या टप्प्यापेक्षा थोडं जास्त, पण वेळ खूपच कमी. एकदा-दोनदा एवढं तापल्याने ताकदीत फारसा फरक पडत नाही. मात्र प्रायमर, रंग, क्लिअर असे तीन थर म्हणजे तीनदा भट्टी, आणि दोन-तीन वर्षांनी रंग बदलायचा म्हटलं की पुन्हा तेच. हे सगळं साठत जातं.

शिवाय भट्टीवरचा आकडा हवेचा असतो, धातूचा नाही. मधला जाड भाग उशिरा तापतो, म्हणून घाईतला कारागीर आकडा वर ढकलतो आणि पातळ कड जास्त भाजते. हे मी बोलून दाखवलं की बहुतेक ठिकाणी विषय बदलायचा. एकाने तर सरळ सांगितलं, "एवढं असेल तर नवीनच घ्या."

शेवटी एक काका भेटले. प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच त्यांनी चाकाला चिकटवून धातूचं तापमान मोजायची वायर दाखवली. रंग रसायनाने काढणार, वर हलकं ब्लास्टिंग, दोनच थर, धातू 190 च्या वर जाऊ देणार नाही. इतकं बरं वाटलं की भाव करायचंही सुचलं नाही.

रंग निघाल्यावर एका चाकाच्या आतल्या कडेवर बारीक रेघ दिसली. पुट्टी भरायच्या आधी लाल रंगाच्या द्रावाची तपासणी करून घेतली. द्राव लावून थांबायचं, पुसायचं, वर पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर आतला लाल रंग पांढऱ्यावर झिरपून रेघ उमटते. काहीच उमटलं नाही, म्हणजे फक्त ओरखडा. तडा निघाला असता तर ते चाक भंगारात टाकलं असतं. कडेचा तडा वेल्डिंग करून वापरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वेल्डिंगच्या आजूबाजूचा धातूही तसाच मऊ पडतो, आणि तिथे पारा चारशेच्याही वर गेलेला असतो.

एक राहिलंच. ओरखडे एखाद-दुसऱ्याच चाकावर असतील तर पावडरच्या नादी लागू नका. गाडीच्या बॉडीला मारतात तो हार्डनरवाला रंग साठ अंशांच्या आसपास वाळतो, धातूला कळतही नाही. दगड उडून टवके लवकर निघतात, एवढाच तोटा.

कोटिंगला देताना हबला टेकणारा भाग आणि नट बसतात त्या खोलगट जागा झाकायला सांगा. तिथे जाड थर राहिला तर तो दबतो आणि नट सैल पडतात. म्हणून टायर बसवून बॅलन्सिंग झाल्यावर साधारण शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासायचे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला. टायरवाल्याने एअर गनने करकचून आवळले असतील तर आधी सैल करून मगच.