इंटरलीव्हिंगचा कौल खपाच्या बाजूने लागला तेव्हा

आमच्या ऑनलाइन दुकानाच्या सर्चसाठी दोन बदल तयार होते. पहिल्यात अलीकडच्या खपाला जास्त वजन दिलं होतं, त्यामुळे जोरात विकला जाणारा कुर्ता आपल्या सगळ्या रंगांसकट वर यायचा. दुसऱ्यात एका डिझाइनचा एकच रंग पहिल्या पानावर ठेवून उरलेल्या जागा वेगळ्या डिझाइन्सना दिल्या होत्या.

कोणता बदल सरस हे पाहायला आधी टीम ड्राफ्ट पद्धतीचं इंटरलीव्हिंग लावलं, म्हणजे दोन्ही बदलांतून येणाऱ्या याद्या एकात मिसळल्या. गल्लीतले दोन कॅप्टन गडी निवडतात, तशीच ही पद्धत. दर फेरीला नाणेफेक होते, मग प्रत्येक यादी आपल्याकडची सर्वांत वरची, अजून न निवडलेली वस्तू घेते. ग्राहकाला एकच मिसळलेली यादी दिसते आणि क्लिकचं श्रेय वस्तू निवडणाऱ्या यादीला मिळतं. एकच माणूस दोन्ही याद्या तोलत असल्याने माणसामाणसांतला फरक आड येत नाही, आणि माणसं दोन गटांत वाटून प्रत्येक गटाला एकच पद्धत दाखवणाऱ्या स्प्लिट टेस्टपेक्षा कितीतरी कमी सर्चमध्ये निकाल लागतो.

निकाल लवकर लागला, आणि खपाची यादी स्पष्टपणे जिंकली. मला मात्र तो पटेना. क्वेरीनुसार फोड केली, तर जवळजवळ सगळी आघाडी कुर्ते, चपला अशा अनेक रंगांच्या वस्तूंवर होती. पुस्तकं किंवा मिक्सरचं भांडं शोधणाऱ्यांत बरोबरी होती.

मग ‘कुर्ता’साठी दाखवलेली पानं लॉगमधून काढून वाचली. खपाची यादी अशी होती: पहिल्या डिझाइनचा लाल, निळा, हिरवा, मग दुसरं डिझाइन. दुसरी यादी: पहिल्याचा लाल, मग दुसरं, तिसरं, चौथं डिझाइन. खपाच्या यादीने लाल घेतला, दुसरीने दुसरं डिझाइन. पुढच्या फेऱ्यांत खपाच्या यादीने निळा आणि हिरवा आणून बसवले. प्रत्येक रंगाचा आयडी वेगळा, म्हणून तो दुबार धरला गेला नाही. म्हणजे रंग न दोहरवणारं पान एकाही ग्राहकाने पाहिलंच नव्हतं! शिवाय लोक रंग ताडून बघायला निळ्यावर, हिरव्यावर क्लिक करत होते, आणि ते सगळे क्लिक खपाच्या खात्यात जमा होत होते.

एका सहकाऱ्याने सुचवलं, मिसळताना सगळे रंग एकच वस्तू धरू. पण तसं केलं की खपाच्या यादीतलेही जादा रंग गळतात, आणि जो फरक मोजायचा तोच नाहीसा होतो. वस्तूंच्या क्रमातला फरक इंटरलीव्हिंग उत्तम पकडतं. अख्ख्या पानाची रचना त्याच्या आवाक्यात येत नाही.

म्हणून स्प्लिट टेस्ट लावली. यूजर आयडीच्या हॅशवरून माणसं दोन गटांत वाटली, म्हणजे एका माणसाला कायम एकच पद्धत दिसेल. गटांची संख्या ठरल्याप्रमाणे निम्मी-निम्मी येते ना, हे आधी तपासलं. पूर्ण आठवडे धरले, कारण रविवारची खरेदी मंगळवारसारखी नसते. वेगळ्या डिझाइन्सच्या गटात दर सर्चमागे क्लिक घटले, पण सर्चवरून कार्टमध्ये वस्तू टाकणारी माणसं वाढली. खपाचं वजन किती ठेवायचं, हे पुढे आम्ही इंटरलीव्हिंगनेच ठरवलं, दोन्ही याद्यांत रंगांचा नियम सारखा ठेवून.