ग्राफ पडतो तिथे नाही, त्याच्या आधी बघा

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कसे चालतात यावरच्या नऊ मिनिटांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट माझ्याकडे रीराइटला आली, कारण रिटेन्शन ग्राफ, म्हणजे कुठल्या क्षणाला किती टक्के लोक अजून बघतायत ते दाखवणारी रेघ, 2:10 ला सरळ कड्यावरून पडत होता. त्याआधी हळूहळू उतरणारी रेघ, ती सगळ्यांचीच उतरते, पण इथे वीसेक सेकंदांत 57 टक्क्यांवरून 40 वर, आणि परत वर आलीच नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण लोक नुसते पुढे ढकलत असतील तर खड्डा पडून रेघ पुन्हा वर येते. इथे माणसं निघूनच गेली होती.

2:15 ला ध्वनिलहरींचं ॲनिमेशन सुरू होतं, त्यामुळे टीमचं एकमत झालं होतं की फिजिक्स बोअर होतं, ते काढा. मला हे पटेना. ॲनिमेशन सुरू व्हायच्या आधीच लोक जायला लागलेत तर ते बोअर कशाने झाले? आणि एडिटिंगवाल्यांची सवयच असते की घसरण जिथे दिसते तिथेच कात्री चालवायची.

मी 1:50 पासून आवाज बंद करून नुसती स्क्रिप्ट वाचली. 2:06 ला वाक्य होतं, 'तर अशा प्रकारे उलटी लाट बाहेरचा आवाज खोडून काढते.' झालं की! टायटलमधल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, वर 'तर अशा प्रकारे' म्हणजे निरोपाचा सूर. पुढची सात मिनिटं कशासाठी बघायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. सबस्क्राइबर आणि नवीन प्रेक्षक वेगळे काढून बघितले, दोघेही तिथेच गळत होते, म्हणजे चुकीचे लोक आले होते असंही नाही.

मी फिजिक्सला हात लावला नाही. उत्तराच्या आधी, 1:30 च्या आसपास, एक प्रश्न घातला: विमानाची घरघर गायब होते, मग शेजारचा बोलतोय ते का ऐकू येतं? आता उलट्या लाटेचं उत्तर अर्धंच वाटतं. 100 हर्ट्झच्या घरघरीची लाट साडेतीन मीटर लांब, बोलण्यातल्या 3000 हर्ट्झची जेमतेम 11 सेंटीमीटर, त्यामुळे बोलण्याच्या बाबतीत उलटी लाट जराशी उशिरा पोचली तरी गणित फिस्कटतं, आणि हे समजायला तेच ॲनिमेशन लागतं. 'तर अशा प्रकारे' उडवलं.

यूट्यूबवर चढवलेली फाइल बदलून दुसरी टाकता येत नाही, फार तर त्यातला भाग कापता येतो, म्हणून जुन्या व्हिडिओतून ते वाक्य कापलं आणि नवीन व्हिडिओ वेगळा टाकला. त्यात 2:10 चा कडा नाहीये.

आता पाचव्या मिनिटाला, बाहेरचा आवाज मुद्दाम आत येऊ देणारा ट्रान्सपरन्सी मोड सांगताना, छोटा खड्डा आहे आणि रेघ परत वर येते. म्हणजे लोक तो भाग ओलांडून पुढे जातायत. टीम म्हणते काढून टाका. मला अजून ठरवता येत नाहीये, कारण ज्यांनी तो ओलांडला नाही त्यांचेच बरेच प्रश्न कमेंटमध्ये त्या भागावर आलेत.