आमची वाटचाल : एका कॅटलॉगने घालवलेले आणि मिळवून दिलेले

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यावर जे येतात त्यांना मी हातात पहिल्यांदा कॅटलॉग देतो, चहा नंतर. गेल्या काही वर्षांत आमच्या हेक्स बोल्टच्या पानाची नक्कल रबाळे, महापे, तुर्भे सगळीकडे फिरते आहे. कोणी केली ते मला ठाऊक आहे. नाव घेणार नाही.

मेहुण्याने आणि मी धंदा सुरू केला तेव्हा कॅटलॉग म्हणजे छापून घ्यायची वस्तू, एवढीच आमची समज होती. पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर 'आमचे ध्येय', मग गाळ्याचा फोटो. त्यानंतर डीआयएन या जर्मन मानकाच्या नंबरांच्या क्रमाने बोल्टची चित्रे आणि प्रत्येकाखाली एकच ओळ : 'हाय टेन्साइल, उत्तम दर्जा, गंजरोधक.' बाजारातले सगळे कॅटलॉग असेच होते, आजही बरेचसे तसेच आहेत. मधली वर्षे बरी गेली, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

मग तो लॉट परत आला.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एक मोठी कंपनी. तिथले वर्षाचे रेट कॉन्ट्रॅक्ट आमच्याकडे होते, आणि खरे सांगायचे तर गाळ्याचे भाडे त्याच्यावरच निघत होते. पर्चेस ऑर्डरवर, म्हणजे पीओवर, लिहिले होते : हेक्स बोल्ट, एम१२ × ८०, ८.८. म्हणजे १२ मिमी जाड, ८० मिमी लांब, मजबुतीचा ग्रेड ८.८. एवढेच. फुल थ्रेड की हाफ, म्हणजे आटे पूर्ण लांबीला की फक्त टोकाकडे, एक अक्षर नाही. त्या लांबीला न सांगता मागितले तर बाजारात हाफ थ्रेडच देतात, म्हणून आम्ही तोच, डीआयएन ९३१, दिला. पंधरवड्याने फोन आला, तुमचे बोल्ट ढिले पडतात, माल हलका आहे. आम्ही लॅबमध्ये ताणून घेतले, ८०० मेगापास्कलच्या वर गेले. टेस्ट सर्टिफिकेट पाठवले. उत्तर आले की काही बोल्ट नीट बसतात, काही नाही, म्हणजे तुम्ही दोन प्रतीचा माल मिसळलात. पेमेंट अडकले, कॉन्ट्रॅक्ट एका प्रतिस्पर्ध्याकडे गेले, बँकेची ओव्हरड्राफ्टची मर्यादा भरून वाहू लागली. अर्धा गाळा भाड्याने दिला. मेहुण्याने पगार घेणे बंद केले आणि त्याबद्दल घरी कधी बोलला नाही.

दोष सापडला तो रबाळ्याच्या काकांमुळे. काका तेव्हा एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला होते. आमचे अगदी सुरुवातीचे गिऱ्हाईक, कोटेशन न मागता माल उचलणारे. त्या कंपनीत त्यांचा जुना सहकारी होता, त्याच्याबरोबर ते मशिनपाशी गेले आणि फट मोजायची पातळ पात्यांची फीलर गेज खिशातून काढून बोल्टने आवळलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये घातली. स्पॅनर घट्ट लागलेला, तरी पाते आरपार गेले.

हिशोब साधा होता. एम१२ च्या हाफ थ्रेड बोल्टला १२५ मिमी लांबीपर्यंत ३० मिमी आटे असतात. ८० मधून ३० गेले, म्हणजे डोक्यापासून ५० मिमीच्या अलीकडे नट येईलच याची खात्री नाही. त्यांच्या पट्ट्या २२ आणि २२, वर अडीच मिमीचे दोन वॉशर, एकूण ४९. आटे संपतात तिथे थोडा कमी-जास्तपणा चालतो, त्यामुळे काही बोल्टवर नट ४९ पर्यंत पोचला आणि पट्ट्या आवळल्या. बाकीच्यांवर तो आट्यांच्या शेवटी जाऊन अडकला. हाताला घट्ट, टॉर्क रेंचलाही घट्ट, पण पट्ट्या मोकळ्याच. बोल्ट एका प्रतीचे, ८.८ चेच होते. तिथे हवा होता फुल थ्रेड, डीआयएन ९३३.

हे सगळे मी परचेसच्या साहेबांना कागदावर मांडून दाखवले. ते म्हणाले, "तुमच्या कॅटलॉगमध्ये हे कुठे आहे?" पीओ त्यांचा, चूक त्यांची, आणि प्रश्न मला! कॉन्ट्रॅक्ट परत आले नाही, तो राग आजही आहे. पण नवा कॅटलॉग लिहायला बसलो तो त्याच प्रश्नावरून.

मी, मेहुणा आणि काका, तिघांनी व्हॉट्सॲपवरच्या जुन्या इन्क्वायऱ्या काढल्या आणि माणसे नेमके काय विचारतात ते पाहिले. डीआयएन नंबर क्वचितच कोणी सांगतो. आधी साइज, मग 'किती जाडीला चालेल', मग 'पाना कितीचा', शेवटी 'गंजेल का'. तक्त्यातले रकाने आम्ही त्याच क्रमाने लावले आणि डीआयएन-आयएसओ नंबर मागे सरकवले.

जाडीचा रकाना माझा, हे मी ठासून सांगतो. एम१२ × ८० हाफ थ्रेडच्या ओळीत आता छापले आहे : 'वॉशरसह ५० ते ६५ मिमी'. खालचा आकडा वर सांगितलाच. वरचा असा की ८० मधून नटाचे १० गेले, आणि नटाबाहेर दोन आटे तरी दिसायला हवेत म्हणून साडेतीन. राहिले साडेसहासष्ट, ते खाली उतरवून ६५. शेजारच्या फुल थ्रेडच्या ओळीत : '६५ पर्यंत'. ४९ च्या कामाला कुठला बोल्ट, हे स्टोअरचा पोरगाही बोट ठेवून सांगतो.

पान्याच्या रकान्यात दोन आकडे द्यावे लागले. एम१२ चे डोके जुन्या डीआयएनमध्ये १९ चे, आयएसओमध्ये १८ चे. बाजारात दोन्ही मिळतात, आणि हे न लिहिल्याने फिटर अर्ध्या कामातून फोन करतात.

'गंजरोधक' हा शब्द पूर्ण काढला. झिंकपुढे लिहिले, 'छपराखाली, कोरड्या जागी'. वितळलेल्या झिंकमध्ये बुडवलेल्या हॉट डिपपुढे, 'उघड्यावर, पावसात. नटही हॉट डिपचाच घ्या'. थर जाड असल्यामुळे त्या नटाचे आटे मोठे कापलेले असतात, साधा नट त्यावर चढत नाही. फायदा सांगायचा तर असा सांगावा, कुठे चालेल आणि कुठे नाही. छापखान्यातल्या डिझायनरने 'निगेटिव्ह वाटते' म्हणून 'कुठे नाही' गाळले होते, ते मी पुन्हा घालायला लावले.

आता न विचारता सांगतो. कॅटलॉग चकचकीत कागदावर छापू नका, तेलकट हाताने त्यावर पेन उमटत नाही, आणि स्टोअरवाला खूण करणार नसेल तर तो कॅटलॉग कपाटात जाईल. पीडीएफ स्कॅन करून पाठवू नका. आमच्या जुन्या पीडीएफमध्ये Ctrl+F दाबून काहीच सापडत नव्हते, कारण आत नुसती चित्रे होती. नव्यातही पहिल्यांदा फसगत झाली. डिझायनरने गुणाकाराची सुबक फुली टाकली होती, आणि माणूस कीबोर्डवर `M12x80` टाइप करतो. शोधले की शून्य. पीडीएफमध्ये आता साधा एक्सच आहे, दिसायला जरा ओबडधोबड.

काका आता रिटायर झालेत, पण त्यांच्या जागी आलेली मॅडम फोनवर नुसता पान नंबर आणि ओळ सांगतात.

राहिला नक्कल करणारा. त्याने आमचा जाडीचा रकाना जसाच्या तसा उचलला आणि पुढच्या लांब्यांना स्वतःच हिशोब लावला, सगळीकडे ३० वजा करून. १२५ च्या वर एम१२ ला आटे ३६ मिमी असतात, हे त्याच्या गावी नाही. त्यामुळे त्याच्या कॅटलॉगमध्ये एम१२ × १४० 'किमान ११० मिमी' जाडीला लागतो, आणि आमच्यात १०४. ज्यांचे काम १०६ चे असते ते त्याचा कॅटलॉग मिटून आम्हाला फोन करतात. मी त्याला सांगायला गेलेलो नाही.